सोन्याच्या आलेखावरील ‘जोडशिखर’ व ‘डोके-खांदे’ : दावा किती आणि अनुभव किती



धान्याच्या पेठेत भाव का चढला अथवा का उतरला, याचे कारण बहुधा सांगता येते. मृगाचा पाऊस लांबला, कलबुर्गीच्या बाजारात तुरीची आवक घटली, ब्रह्मदेशाचा किंवा मोझांबिकचा माल बंदराला लागला, की आडत्याच्या गादीवर बसलेल्या नवशिक्या मुनिमालाही भावाची दिशा कळते. सोन्याचे तसे नाही. सोन्याला पेरणी नाही, सुगी नाही आणि गोदामात कीडही नाही. म्हणूनच की काय, सोन्याचा भाव पुढे कोठे जाणार हे त्याच्या मागच्या भावाच्या चित्रावरून वाचण्याचा नाद फार मोठा आहे. आपल्या कोहिनूरपासून बसवकल्याण-हुमनाबादपर्यंतच्या व्यापारी घरांतील तरुण मंडळी आता हा नाद मनापासून करतात. दुकानात गिऱ्हाईक नसले म्हणजे हातातील फोनवर सोन्याचा आलेख उघडलेला असतो आणि त्यावर दोन-चार रेघा ओढलेल्या असतात.

या रेघांतून निघणाऱ्या आकृती पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्यांच्यावर सर्वांत अधिक विश्वास ठेवला जातो अशा दोहोंविषयीच येथे लिहावयाचे आहे. एकीस ‘डबल टॉप’ म्हणतात, तिला आपण जोडशिखर म्हणू. दुसरी ‘हेड अँड शोल्डर्स’, म्हणजे डोके आणि दोन खांदे. दोन्ही आकृती तेजी संपून मंदी सुरू झाल्याची खूण म्हणून सांगितल्या जातात. अमेरिकेतील रॉबर्ट एडवर्ड्स व जॉन मॅगी यांचा या विद्येवरील प्रसिद्ध ग्रंथ १९४८ साली निघाला, तेव्हापासून ही नावे जगभर रूढ आहेत.

प्रथम दावा काय आहे तो नीट समजून घेतला पाहिजे. भाव चढत चढत एका शिखरास पोहोचतो, तेथून खाली येतो, पुन्हा चढतो, परंतु पहिल्या शिखराच्या आसपासच अडखळून पुन्हा खाली वळतो. दोन शिखरांच्या मधल्या खळग्याचा जो तळ, त्याच्या पातळीवर एक आडवी रेघ ओढावयाची. डोके-खांद्यांच्या आकृतीत शिखरे तीन असतात. मधले उंच ते डोके, दोन्ही बाजूंची ठेंगणी ते खांदे आणि दोन खळग्यांचे तळ जोडणारी रेघ ती ‘नेकलाइन’, म्हणजे मानरेषा. जोडशिखराच्या रेघेलाही व्यवहारात हेच नाव देतात. भाव ही रेघ तोडून खाली गेला म्हणजे आकृती पक्की झाली असे समजतात. त्यानंतर शिखरापासून रेघेपर्यंत जेवढी उंची असेल, तेवढीच घसरण रेघेच्या खाली होणार, हे या विद्येचे भाकीत होय. म्हणजे शिखर १००, रेघ ९० असेल, तर लक्ष्य ८०.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेघ तुटण्यापूर्वी ‘जोडशिखर झाले’ असे म्हणणे या विद्येच्या नियमानेच चूक आहे. भाव एकदा अडखळला, दुसऱ्यांदा अडखळला, एवढ्यावर जी ओरड होते तिला ग्रंथाचाही आधार नाही. पुष्कळशा अर्धवट आकृती रेघेपर्यंत पोहोचतच नाहीत. मधूनच भाव वर वळतो आणि तेजी पुढे चालू राहते. अशा फसलेल्या चित्रांची आठवण कोणी ठेवत नाही, कारण ती पुढे आकृतीसारखी दिसतच नाहीत.

आता एक पूर्ण उदाहरण पाहू. ते अलीकडचे आहे, मोठे आहे आणि ज्यांनी सोन्याचा व्यवहार केला त्यांच्या स्मरणात असेल.

महामारीच्या वर्षी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, जागतिक बाजारात सोन्याचा भाव एका औंसास २,०७५ डॉलरपर्यंत चढला. तो त्या काळपर्यंतचा उच्चांक होता. तेथून भाव उतरत उतरत २०२१ च्या मार्चमध्ये १,६७६ डॉलरच्या आसपास आला आणि त्याच महिन्यात दोनदा त्या पातळीवरून परतला. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली. ८ मार्च २०२२ रोजी सोने पुन्हा २,०७० डॉलरला जाऊन भिडले आणि तेथूनच मागे फिरले. दोन शिखरांत अवघ्या पाच डॉलरचा फरक आणि मध्ये दीड वर्षाचा काळ! याहून सुबक जोडशिखर पाठ्यपुस्तकातही सापडावयाचे नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्याच मार्चपासून व्याजाचे दर झपाट्याने वाढवावयास आरंभ केला, डॉलर बळकट झाला आणि सप्टेंबरच्या मध्यास भावाने १,६७६ ची रेघ तोडली. म्हणजे नियमाप्रमाणे आकृती पक्की झाली. शिखर ते रेघ ही उंची सुमारे ४०० डॉलर. म्हणून लक्ष्य निघाले १,२७६ डॉलर.

त्या दिवसांत आमच्या गादीवर आलेल्या एका ओळखीच्या तरुणाने मला हा आलेख दाखविला होता. “काका, मानरेषा तुटली. आता साडेबाराशेपर्यंत थांबत नाही. घरातले सोने आत्ताच मोडून घ्या, मग स्वस्तात परत करू,” असे तो म्हणाला. मी त्याला एवढेच विचारले, “बाळ, हा भाव डॉलरचा आहे. आपण सोने कोणत्या नाण्यात मोडणार?” तो हसला आणि म्हणाला, “सोने सगळीकडे एकच, काका.”

पुढे जे घडले ते असे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी भाव १,६१५ डॉलरपर्यंत खाली गेला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेथवर आला आणि ३ नोव्हेंबरला तिसऱ्यांदा. त्याखाली मात्र तो गेला नाही. ४ नोव्हेंबरला एका दिवसात तो तुटलेल्या रेघेपाशी परत आला आणि त्यानंतर चार-सहा दिवसांत १,७०० च्या पुढे गेला. चारशे डॉलरच्या भाकिताऐवजी घसरण झाली सुमारे साठ डॉलरची. २०२३ च्या मे महिन्याच्या आरंभी भाव पुन्हा २,०७० च्या वर होता. तेव्हा हीच मंडळी ‘आता तिहेरी शिखर झाले’ असे म्हणू लागली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते शिखरही मागे पडले आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोन्याने ४,००० डॉलरचा आकडा ओलांडला. ज्या वर्षी आलेख मंदी सांगत होता, त्याच २०२२ साली जगातील मध्यवर्ती बँकांनी मिळून एक हजार टनांहून अधिक सोने खरेदी केले. एवढा मोठा गिऱ्हाईक पेठेत उतरला आहे, हे आलेखावरील कोणत्याही रेघेत दिसत नव्हते.

आता त्या तरुणाला विचारलेल्या प्रश्नाकडे वळू, कारण आपल्या दृष्टीने खरा मुद्दा तेथेच आहे. आपल्या देशात सोने फारसे निघत नाही. बहुतेक सारे बाहेरून येते. म्हणून आपला भाव तीन गोष्टींनी ठरतो : डॉलरमधील भाव, डॉलरचा रुपयातील दर आणि आयातीवरील जकात. औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. हिशेब कोणीही कागदावर करू शकेल.

मार्च २०२१ चा तळ घ्या. १,६७६ ला ३१.१०३५ ने भागून दहा ग्रॅमचे करा, म्हणजे सुमारे ५३९ डॉलर येतात. त्या वेळी डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, म्हणून झाले सुमारे ३९,३०० रुपये. जकात व तिच्यावरील अधिभार मिळून तेव्हा पावणेअकरा टक्के होत, ते धरता सुमारे ४३,६०० रुपये. आता सप्टेंबर २०२२ चा तळ घ्या. १,६१५ डॉलरचे दहा ग्रॅमास सुमारे ५१९ डॉलर होतात. परंतु डॉलर तोवर ८२ रुपयांस जाऊन ठेपला होता आणि सरकारने त्याच वर्षी १ जुलैपासून एकूण जकात पंधरा टक्के केली होती. हिशेब येतो सुमारे ४९,००० रुपये.

म्हणजे डॉलरच्या आलेखावर दुसरा तळ पहिल्याच्या खाली होता, तर रुपयाच्या आलेखावर तो पाच हजार रुपयांनी वर होता! रुपयातही शिखरे दोन दिसत होती. २०२० च्या ऑगस्टमधले ५६ हजारांच्या आसपासचे आणि २०२२ च्या मार्चमधले ५५ हजारांच्या पुढचे. पण मधली रेघ तुटलीच नाही. भाव तिच्या जवळपासही आला नाही. एकाच धातूचा, एकाच दिवशीचा व्यवहार, परंतु न्यूयॉर्कच्या चित्रात आकृती पक्की आणि आपल्या चित्रात आकृतीच नाही. आता यांतील खरे चित्र कोणते म्हणावयाचे? सोन्याच्या अंगी काही गुप्त शक्ती असती, तर तिने नाण्याचा भेद का करावा?

हे केवळ एका वर्षाचे नवल नव्हे. २०११ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉलरमध्ये असेच जोडशिखर झाले होते. पहिले सुमारे १,९११ चे आणि दुसरे ६ सप्टेंबरचे १,९२० चे, मध्ये १,७०३ च्या आसपासचा खळगा. तेथे रेघ तुटल्यावर भाव चार-पाच दिवसांतच १,५३२ पर्यंत कोसळला. आकृतीचे हे यश मान्यच केले पाहिजे. तथापि लक्ष्य १,४८६ चे होते. ते तेव्हा गाठले गेले नाही. भाव नोव्हेंबरात पुन्हा १,८०० ला गेला आणि लक्ष्य साधावयास २०१३ चा एप्रिल उजाडावा लागला. ज्याने विक्री करून ठेवली त्याने दीड वर्ष काय केले असेल, याचा विचार वायद्यात काम केलेल्या माणसानेच करावा. आणि रुपयात? डॉलर महाग झाल्यामुळे २०१२ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे सोने ३२ हजारांच्या पुढे गेले होते. २०११ च्या शिखरांचे नावही उरले नव्हते.

डोके-खांद्यांचे एक उदाहरण थोडक्यात देतो. २०१० च्या नोव्हेंबरात १,४२४, डिसेंबरात १,४३१ आणि २०११ च्या जानेवारीच्या आरंभी १,४२३ अशी तीन शिखरे डॉलरमध्ये झाली. मधले खळगे सुमारे १,३२९ आणि १,३६१ चे. डोके खांद्यांहून अवघे सात डॉलर उंच. त्याला डोके म्हणावे की तिघांनाही खांदेच म्हणावे, हा ज्याच्या त्याच्या दृष्टीचा प्रश्न. दोन खळगे जोडणारी रेघ ओढली, तर ती वर चढत जाते आणि जानेवारीत १,३७० च्या पुढे पोहोचते. आडवी रेघ ओढली तर ती १,३२९ वर राहते. या दोन रेघांत चाळीस डॉलरांचे अंतर! एकाने पहिल्या रेघेवर विकावे, दुसऱ्याने दुसरीवर, आणि दोघांनीही एकाच आकृतीचे नाव घ्यावे. भाव जानेवारीअखेर १,३०८ पर्यंत उतरला, म्हणजे रेघ कोणतीही धरली तरी ती तुटली. मात्र लक्ष्य दोन्ही हिशेबांनी हुकले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोने डोक्याच्याही वर गेले होते.

कोणी म्हणेल, ही निवडून काढलेली उदाहरणे आहेत. आक्षेप योग्य आहे. दोन-चार चित्रांवरून विद्या खोटी ठरत नाही, जशी ती दोन-चार चित्रांवरून खरीही ठरत नाही. म्हणूनच ज्यांनी हजारो चित्रे मोजली त्यांचे म्हणणे पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेसाठी केव्हिन चँग व कॅरोल ऑस्लर यांनी १९७३ ते १९९४ या काळातील सहा चलनांचे रोजचे भाव तपासले. डोके-खांद्यांच्या नियमाने जपानी येन व जर्मन मार्क यांत फायदा दिसला. पौंड, दोन्ही फ्रँक व कॅनडाचा डॉलर यांत दिसला नाही. पुढे त्यांना असेही आढळले की, जेथे फायदा होता तेथे याहून कितीतरी सोपे नियम अधिक चांगले चालत होते. ऑस्लरबाईंनी अमेरिकन समभागांवर हीच आकृती तपासली, तेव्हा निष्कर्ष निघाला की ती दिसली म्हणजे उलाढाल वाढते, नफा मात्र होत नाही. टॉमस बुल्कोव्स्की नावाच्या गृहस्थाने अमेरिकन समभागांच्या हजारो आकृतींचा कोश रचला आहे. तो या विद्येचा शत्रू नव्हे, भक्तच आहे. त्याच्याही मोजणीत रेघ तुटल्यावर पूर्ण लक्ष्य गाठणाऱ्या आकृती साधारण निम्म्याच भरतात.

हे अभ्यास चलनांचे व समभागांचे आहेत, सोन्यास ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी निम्म्याचा अर्थ व्यापाऱ्याने व्यापाऱ्याप्रमाणे काढावा. रेघेवर विक्री केली आणि चूक कबूल करण्याची मर्यादा शिखराच्या वर ठेवली, तर फसल्यास आकृतीची एक पूर्ण उंची गमवावी लागते. साधल्यास एक पूर्ण उंची मिळते. निम्म्या वेळा मिळवावयाचे व निम्म्या वेळा गमवावयाचे, तर वर्षअखेर हाती राहते शून्य आणि वजा होते दलाली, कर व वायदा पुढे ढकलण्याचा खर्च. मर्यादा शिखराऐवजी रेघेच्या जरा वर आणून ठेवली, तर खोट लहान होते हे खरे. परंतु रेघ तुटल्यावर भाव पुष्कळदा एकवार तिला परत शिवून मग खाली जातो आणि त्या वेळी असा सौदा आधीच कापला गेलेला असतो.

शिकागो विद्यापीठाच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली एक साधा प्रयोग छापला. कसल्याही क्रमाविना आलेले आकडे एकापुढे एक मिळवीत त्यांनी खोट्या भावाचा आलेख काढला, तर तो खऱ्या बाजाराच्या आलेखासारखाच दिसला. घरी मुलांनी हे करून पाहावे. शंभरापासून आरंभ करावा, नाणे उडवावे, छाप आला तर एक वाढवावा, काटा आला तर एक कमी करावा आणि दोनशे वेळा टाकून आलेख काढावा. पाच-सहा आलेख काढले म्हणजे त्यांत कोठेतरी एखादे जोडशिखर किंवा डोके-खांदे भेटतीलच. नाण्याला तेजी-मंदीची काय माहिती! तेव्हा आकृती दिसणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. ती दिसल्यानंतर भाव नाण्याच्या उडीपेक्षा वेगळा वागतो की काय, एवढेच पाहावयाचे असते.

माझे मत या सर्वांवरून असे झाले आहे की, आलेख पाहण्यास हरकत नाही, परंतु भाकीत करणाऱ्याकडून ते आधी लिहून घ्यावे. कोणत्या नाण्याचा आलेख, रेघ कोणत्या आकड्यावर, लक्ष्य किती, मुदत किती आणि कोणत्या भावाला ‘मी चुकलो’ असे म्हणणार, हे पाच आकडे तारीख घालून वहीत उतरवावे. रोजमेळात जशी खाडाखोड चालत नाही तशी येथेही चालू देऊ नये. वीस भाकिते झाली म्हणजे बेरीज करावी. फसल्यावर ‘ती आकृती मुळात शुद्ध नव्हती’ असे म्हणण्याची जी सवय आहे, ती या वहीपुढे टिकत नाही.

वायद्यात उतरणाऱ्यांसाठी आकड्यांत सांगतो. मुंबईच्या एमसीएक्स बाजारातील ‘गोल्ड मिनी’चा सौदा १०० ग्रॅमचा असतो, भाव दहा ग्रॅमचा बोलतात. म्हणजे भावात एक रुपया हलला की सौद्यात दहा रुपये हलतात. समजा, एखाद्याने सप्टेंबर २०२२ अखेर डॉलरचे चित्र पाहून ४९,००० ला एक सौदा विकला आणि पन्नास हजार अनामत भरली. डिसेंबरअखेर भाव सुमारे ५५,००० होता. सहा हजारांची तेजी म्हणजे साठ हजारांची खोट. अनामत संपून वर दहा हजार देणे.

ज्या घरांचा वायद्याशी काडीचा संबंध नाही, त्यांनाही या आकृतीची झळ लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १,२७६ डॉलरचे लक्ष्य त्या वेळच्या रुपयाच्या दराने व जकातीने दहा ग्रॅमास सुमारे ३८,७०० रुपये होते. ‘दिवाळीनंतर चाळिसाच्या आत येईल’ हे वाक्य २०२२ च्या दसऱ्यात आपल्या भागातही ऐकू येत होते आणि मुलीच्या लग्नाचे सोने घ्यावयास निघालेली काही घरे त्यामुळे थांबली. २०२३ च्या मे महिन्यातील लग्नसराईत भाव ६१ हजारांच्या आसपास होता. पाच तोळ्यांचे दागिने करावयाचे, तर सुमारे साठ हजार रुपये अधिक मोजावे लागले. घडणावळ आणि तीन टक्के कर त्यावर वेगळे.